मदत हवी आहे: ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे माहितीपत्रकातून खरोखर कसे पोहोचवावे?

रानजाई: प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयावर आमचे संशोधन सुरू होणार आहे. बहुतेकींचे शिक्षण चौथीच्या आतले आहे. माहितीपत्रकात सध्या असे वाक्य आहे: ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून कोणतेही कारण न देता आपण माघार घेऊ शकता व त्याचा उपचारांवर विपरीत परिणाम होणार नाही.’ ते वाचून दाखवल्यावर काही जणींनी मान डोलावली. पण ‘नाही म्हटले तर काय होईल?’ असे विचारताच एक जण म्हणाली, ‘नर्सबाई गोळ्या देणार नाहीत.’ हे कसे सुधारावे?

माळरान: मोठा टाइप आणि चित्रे वापरावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आशाताईंनी वाचून दाखवावे, अंगठा घ्यावा आणि साक्षीदार म्हणून आशाताईंचीच सही घ्यावी.

कासारघाट: मी काही वर्षे एका नैतिकता समितीवर काम केले आहे. अंगठ्याबरोबर साक्षीदार लागतो हे बरोबर आहे. मात्र आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो साक्षर आणि संशोधनाशी संबंध नसलेला असावा लागतो. ज्या आशाताई स्त्रियांना तुमच्याकडे आणणार आहेत, त्या या जागी चालणार नाहीत.

त्या स्त्रीची भीती गोळ्या बंद होण्याची आहे, म्हणून उत्तरात गोळ्यांचे नाव यायला हवे, आणि तेही पहिल्याच परिच्छेदात. मी असे लिहीन: ‘हा अभ्यास आहे, उपचार नाही. यात यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी लोहाच्या गोळ्या, तपासणी आणि बाळंतपणाची सोय आज मिळते तशीच मिळेल. आज हो म्हणून उद्या नाही म्हणालात तरी चालेल.’ अभ्यासासाठी रक्त घेणार असाल, तर त्याचे प्रमाणही ‘५ मिली’ऐवजी ‘एक छोटा चमचा’ असे सांगावे.

वाचून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळ्या जणी हो म्हणतात. ‘घरी सासूबाईंनी विचारले तर काय सांगाल?’ असे विचारावे, आणि गोळ्यांचा मुद्दा उत्तरात आला नाही तर तेवढाच भाग पुन्हा सांगावा. बदललेला मराठी मसुदा समितीच्या मंजुरीशिवाय वापरता येणार नाही.

पाऊसवाट: माझ्या आईच्या शस्त्रक्रियेआधी आम्ही असाच कागद न वाचता सही करून दिला होता. तो आता मागे घेता येईल का?

कासारघाट: ती उपचारासाठीची संमती होती, आणि हा धागा संशोधनाबद्दल आहे. कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा.

रानजाई: मनापासून आभार. गोळ्यांचे वाक्य वर घेते आणि मसुदा समितीकडे पाठवते. एक अडचण मात्र उरतेच: हे सगळे नर्सबाईंच्या खोलीत, त्यांच्यासमोर विचारले जाणार आहे आणि केंद्रात दुसरी खोली नाही.

कासारघाट: मग कागद कितीही सोपा केला तरी ‘नाही’ म्हणणे अवघडच राहील. तपासणीच्या दिवशी फक्त माहिती द्यावी आणि संमती नंतर घरी जाऊन घ्यावी, असे सुचवेन; पण तिथे सासूबाई समोर बसतील, आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. कुणी असे काम केले असेल तर कृपया लिहावे.