जुन्या कॅमकॉर्डर चित्रीकरणावरील नारिंगी तारीख कशी पुसली? अनुभव लिहावेत

सुमेधा_क: हाय-एट फितींवरून संगणकावर उतरवलेल्या आमच्या कौटुंबिक चित्रीकरणात उजव्या कोपऱ्यात नारिंगी तारीख आणि वेळ सतत दिसते. ज्यांनी ती पुसली आहे, त्यांनी काय साधले आणि काय बिघडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

मध्यलय: आमच्या मिनी-डीव्ही फितींवरही तारीख दिसत होती, परंतु ती चित्रात नव्हतीच. त्या फितींत तारीख वेगळी नोंदलेली असते आणि फीत चालवताना कॅमेरा ती पडद्यावर काढतो. पिवळ्या एव्ही तारेने उतरवल्यामुळे ती सोबत आली होती. फायरवायरने पुन्हा उतरवल्यावर चित्र स्वच्छ आले. सुमेधाताई, आपणही डिजिटल-एट कॅमेऱ्यातून फायरवायरने उतरवून पाहावे.

जुनी_फीत: हाय-एट वाचू शकणाऱ्या डिजिटल-एट कॅमेऱ्यातून चित्र चांगले येते, हे खरे. मात्र हाय-एटवर चित्रीकरणाच्या वेळीच चित्रात उमटलेली तारीख कोणत्याही तारेने जात नाही.

मी अशी तारीख मुखवटा वापरून पुसली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेले, चित्राच्याच मापाचे चित्र तयार केले. दर मिनिटाला आकडा बदलत असल्याने बदलणाऱ्या प्रत्येक जागी येणाऱ्या सर्व आकड्यांचे आकार एकावर एक ठेवले. तरीही पहिल्या प्रयत्नात अक्षरे जाऊन त्यांच्या उजवीकडे नारिंगी धूसर कड उरली, कारण या फितींत रंग प्रकाशापेक्षा अधिक पसरतो. मुखवटा सगळीकडून थोडा आणि उजवीकडे अधिक रुंद केल्यावर ती गेली. ५७६ ओळींचे चित्रीकरण इंटरलेस्ड असल्यामुळे आधी ते सुटे केले:

```
ffmpeg -i feet.avi -vf "bwdif,removelogo=mask.png" -c:v ffv1 -c:a copy saaf.mkv
```

तारखेमागे भिंत किंवा आकाश असेल, तर डाग शोधावा लागतो. गवत किंवा नक्षीदार पडदा असेल, तर तिथे पुसट पट्टा दिसतोच, कारण ही आज्ञा कडेच्या रंगांवरूनच जागा भरते.

रेवती_प: माझ्या अल्बममधील छायाचित्रांवर अशीच तारीख होती. शेजारचा भाग हाताने तिच्यावर उतरवून मी ती बेमालूम पुसली. तुम्हीही तसेच करावे.

जुनी_फीत: स्थिर चित्रासाठी ते उत्तम आहे. चलचित्रात प्रत्येक चौकटीतले ठिगळ किंचित वेगळे पडते आणि तो कोपरा थरथरू लागतो.

अनंत_वि: आमच्या कॅमेऱ्यात तारीख आपोआप उमटण्याची सोय असल्याने ती दिवसाच्या पहिल्या चित्रीकरणात फक्त सुमारे १० सेकंद दिसे. तेवढाच भाग `enable='between(t,0,10)'` लिहून `delogo` ने झाकला आणि उरलेल्या चित्राला धक्का लागला नाही. मूळ फाइल जपली, कारण कोणते चित्रीकरण कधीचे, याचा आमच्याकडे दुसरा पुरावा नाही.

सुमेधा_क: मुखवट्याने भिंतीवरची तारीख गेली. परंतु एका दृश्यात आजी नेमकी त्या कोपऱ्यातून चालत जाते आणि तिच्या चेहऱ्यावर डाग फिरतो. आधीच्या व नंतरच्या चौकटींतून चेहऱ्याचा तेवढा भाग घेऊन कोणी हे नीट केले आहे का? तोवर त्या दृश्यात मी तारीख तशीच ठेवली आहे.