गांभीर्य, तीव्रता की घातकता?

तुर्भेकर: रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतो. अपघात-अहवालाचा नमुना मराठीत करायचं काम गळ्यात पडलंय. 'सिव्हिअॅरिटी'च्या रकान्याला मी 'गांभीर्य' लिहिलं, आकडे १ ते ५. पहिल्याच अहवालात सुपरवायझरने १ टाकला. म्हणाला, "कोणाला खरचटलंसुद्धा नाही, गंभीर कसलं?" झालं होतं असं: पाइपरॅकवर काम चालू असताना सहा इंची ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड बंद करायची धातूची चकती, १२ किलोच्या आसपास, ९ मीटरवरून खाली पडली. शब्द चुकला का?

नौपाड्याचे मास्तर: गांभीर्य चेहऱ्यावर असतं हो. 'तीव्रता' घ्या.

घोडबंदरवाली: तीव्रता भूकंपाची!

नौपाड्याचे मास्तर: तिथेही वर्तमानपत्रं घोळ घालतात. '६ तीव्रतेचा भूकंप' छापतात, तो आकडा असतो भूकंपाच्या मापाचा. तीव्रता गावागणिक वेगळी. १९६७चा भूकंप कोयनानगरला जाणवला तसा ठाण्याला नाही, भूकंप मात्र एकच.

कळव्याचा फोरमन: शब्द राहू द्या, सुपरवायझर बरोबर आहे. कायद्यात ४८ तासांची रेघ आहे. जखमी माणूस तेवढा वेळ कामावर येऊ शकला नाही तर कळवायचं. इथे कोणी जखमीच नाही, मग १.

बेलापूरची: काका, ती रेघ सरकारला कळवायची. तेवढ्यापुरती तुमची गोष्ट खरी. पण आतल्या अहवालात दोन प्रश्न असतात: काय झालं, आणि तीच वस्तू माणसावर पडली असती तर काय झालं असतं. तुर्भेकर, तुमचा रकाना एकच आहे, भांडण तिथूनच सुरू झालंय. 'प्रत्यक्ष घातकता' आणि 'संभाव्य घातकता' असे दोन करा. प्रत्यक्षला १ राहू दे.

तुर्भेकर: आणि संभाव्यला? सुपरवायझर म्हणेल, तुमच्या मनातलं भय.

बेलापूरची: म्हणून हिशेब लिहायचा. ९ मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या घरात असतो, आणि यायला दीड सेकंदही लागत नाही. 'अरे बाजूला हो' म्हणेपर्यंत खेळ खलास. १२ किलोचा दणका साधारण १०६० जूल. हेल्मेटच्या युरोपीय मानकात, EN 397 मध्ये, ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून तपासतात. ते झाले ४९ जूल. म्हणजे वीसपटीहून जास्त. तुमच्या तक्त्यात ४ म्हणजे 'एकाचा मृत्यू' असेल, तर संभाव्य ४.

ऐरोलीचा: आमच्याकडे सर्व्हर पडला की SEV1, म्हणजे सगळ्यात गंभीर, रात्री दोनला फोन. पर्यायी रस्ता सापडला की SEV2 करून झोपतो. तुम्हीही कमी करू शकता की.

बेलापूरची: तुमचा सर्व्हर अजून पडलेला असतो, आमची फ्लँज पडून गेलीये.

कळव्याचा फोरमन: खाली टेप बांधली होती ना? मग माणूस येणारच कुठून? ४ कशाला?

तुर्भेकर: फोटोत टेप दोनच बाजूंना दिसते. कॅन्टीनकडची बाजू उघडी. पडली २.५० ला, ३ वाजता पहिली पाळी सुटते.

बेलापूरची: टेप असती तरी फ्लँज हलकी झाली नसती. टेपने माणूस तिथे असण्याची शक्यता कमी होते, ती वेगळ्या रकान्यात मांडा. आणि हे फोटो, वेळ, पाळी, सगळं अहवालात जसंच्या तसं घाला. 'सुदैवाने मोठा अनर्थ टळला' हे वाक्य काढा, त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: 'सुमारे १२ किलोची फ्लँज ९ मीटरवरून पायवाटेवर पडली. कॅन्टीनच्या बाजूला टेप नव्हती. पाळी सुटायला १० मिनिटं होती.' वाचणारा आकडा स्वतःच लावेल.

घोडबंदरवाली: खाली सॉल्व्हंटची लाइन असेल तर? फुटून आग, मग ५ नको?

तुर्भेकर: लाइन बंद करून रिकामी केली होती, परमिटवर नोंद आहे.

बेलापूरची: मग ५ नाही. घडू शकलं असतं तितकंच धरायचं, सुचेल ते सगळं नाही.

कळव्याचा फोरमन: ४ लिहिलंत की वरून काम बंद, आठवडाभर चौकशी. पुढच्या वेळी पोरं सांगणारच नाहीत, गुपचूप फ्लँज उचलून ठेवतील. मी ३ लिहिला असता.

बेलापूरची: ३ला पुरावा काय?

कळव्याचा फोरमन: पुरावा नाही, पस्तीस वर्षं काढलीत. पण पोरं लपवतील हे खोटं आहे का?

तुर्भेकर: खोटं नाही. मागच्या खेपेला पडलेला पाना असाच गायब झाला होता.

नौपाड्याचे मास्तर: 'संभाव्य घातकता' मला मान्य. पण मघापासून सगळे 'फ्लँज पडली' म्हणताहेत. ती की तो?

कळव्याचा फोरमन: आमच्या शॉपमध्ये फ्लँज पडतो.

घोडबंदरवाली: भावाच्या कंपनीत पडते!