काष्टीचा बाजार आणि फाट्यावरचा टेम्पो

>> "पाणंदीने फाट्यावर जाऊन टेम्पो पकडायचा म्हणता, पण तो येतो किती वाजता?"

घड्याळात उत्तर मिळणार नाही, कारण टेम्पो वेळेवर नाही, भरल्यावर सुटतो. काष्टीचा बाजार शनिवारचा, आणि जनावरांची खरेदी-विक्री सकाळीच रंगते. त्यामुळे पहिली खेप उजाडायच्या आत शेरडं-करडं आणि ती विकणाऱ्यांची. तिच्यात माणसाला जागा मिळाली तरी उभ्यानेच. तीच गाडी रिकामी होऊन परत आली की दुसरी खेप बाजारकरूंची, आणि आपल्याला हवी ती हीच. ती कधी सुटेल हे वस्तीवरच्या भाजीवाल्या मावशींना विचारा. त्यांचं गाठोडं बांधून झालं की निघायचं, कारण ड्रायव्हर त्यांना सोडून जात नाही.

पाणंदीचं वेगळंच. आमच्याकडे काळी माती, एक सर पडली तरी टेम्पो वस्तीत शिरत नाही. चाकोरीत पाणी साचलेलं दिसलं की वाट बघत बसू नका, चपला हातात घेऊन बांधाबांधाने फाटा गाठा. मी एकदा तासभर वस्तीतच थांबलो, गाडी फाट्यावरूनच भरून गेली.

खरी अडचण परतीची. सकाळी उतरतानाच "माघारी एक जागा धरा" म्हणून सांगायचं, ड्रायव्हरचा नंबर घ्यायचा आणि भाडं दोन्ही वेळचं एकदम, घरी उतरल्यावर द्यायचं. पैसे यायचे राहिले असले की गडी आपल्याला शोधत येतो.