कूलर सुरू असताना धडे रेकॉर्ड करायला कोणता माइक?

> "मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवता येत नाही. कंडेन्सर माइकमध्ये त्याची घरघर फार येते. डायनॅमिक घेऊ का?"

ताई, डायनॅमिकच घ्या, पण घरघर निव्वळ माइक बदलल्याने जाणार नाही. खरा फरक अंतराचा आहे. टेबलावरचा कंडेन्सर तोंडापासून साधारण ४० सेंमी असतो. माइक १० सेंमीवर आणला की तुमचा आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो आणि कूलरचा जवळपास तेवढाच राहतो. मग गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, कमी करा, घरघरही तेवढीच खाली जाते. हे आधी आहे त्याच कंडेन्सरवर करून बघा, कदाचित खर्च वाचेल.

डायनॅमिक इतक्या जवळून बोलण्यासाठीच बनलेला असतो, म्हणून मी तो सुचवतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, घ्या आणि त्याची पाठ कूलरच्या खिडकीकडे करा, कारण मागून तो सगळ्यात कमी ऐकतो. भिंतींवरून परतणारी घरघर मात्र थोडी येईलच. 'प', 'फ' फुटले तर फोमचं कव्हर लावा आणि तोंडाच्या किंचित बाजूने बोला.

डायनॅमिकचा सिग्नल क्षीण असतो. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसचा गेन ६० डेसिबलच्या आसपास नसेल, तर कूलरऐवजी सूं-सूं ऐकू येईल. इंटरफेस नसेल तर यूएसबीवाला डायनॅमिक सोयीचा.