मध्येच प्लॅन बदलला, पोस्टपेड बिल ९७३ चं आलं. हे वाचायचं कसं?

वैदेही_म्हापसा
नमस्कार मंडळी. बाबांच्या नावावर पोस्टपेड नंबर आहे, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं. आधी ४५० चा प्लॅन होता, २० जूनला अ‍ॅपवरून ६०० चा घेतला. त्याच आठवड्यात पावसात फोन भिजून सिम खराब झालं, म्हणून कंपनीच्या दुकानात जाऊन नवीन सिमही घेतलं. ६०० वर १८ टक्के जीएसटी धरून ७०८ येतील असं बाबांना सांगून ठेवलं होतं. ५ जुलैचं बिल आलंय ९७३.५० चं. त्यात असं लिहिलंय:

जुना प्लॅन, २० जून ते ४ जुलै: उणे २२५
नवीन प्लॅन, २० जून ते ४ जुलै: ३००
नवीन प्लॅन, ५ जुलै ते ४ ऑगस्ट: ६००
सिम बदल: ५०
लेट फी: १००
सीजीएसटी ९ टक्के: ७४.२५
एसजीएसटी ९ टक्के: ७४.२५

नवीन प्लॅन दोनदा का लावलाय? आणि जुन्या प्लॅनसमोर उणे कसलं? बाबा पै न् पैचा हिशोब वहीत लिहितात, त्यांना नीट समजावून सांगायचंय.

नित्या_फोंडा
हे सगळ्यांचंच होतं. प्लॅन बदलला की पहिलं बिल फुगतं, कारण पुढच्या महिन्याचं भाडं आधी घेतात. भरून टाक, जास्तीचे पुढच्या बिलात आपोआप वळते होतात.

सुलभाताई_मडगाव
आमचा मुलगा क्रूझवर कामाला आहे. मागे त्याच्या नंबरवर असंच भलतं बिल आलं होतं. परदेशाचा रोमिंग पॅक घेतला होता, तरी जहाजावरच्या नेटवर्कचे पैसे वेगळे लागले. वैदेही, तुमच्याकडे कोणी बाहेर गेलं होतं का गं? ते आधी बघ.

वैदेही_म्हापसा
नाही ताई, बाबा म्हापशाबाहेरही फारसे जात नाहीत. रोमिंगची ओळच नाही बिलात.

बिलखात्यातला_माणूस
मी बरीच वर्षं टेलिकॉमच्या बिलिंगमध्ये काढली, म्हणून सविस्तर लिहितो. नित्या, भाडं आगाऊ घेतात हे तुझं बरोबर आहे. पण पुढच्या बिलात काही वळतं होत नाही. जे वळतं व्हायचं ते याच बिलात व्हायला हवं, आणि इथे ते झालंय. नसतं झालं आणि वैदेहीने पुढच्या बिलाची वाट बघितली असती, तर तक्रारीला महिनाभर उशीर झाला असता.

वैदेही, रकमा थोडा वेळ बाजूला ठेव आणि प्रत्येक ओळीसमोरच्या तारखा वाच. ५ जूनच्या बिलात ५ जून ते ४ जुलै या ३० दिवसांचे ४५० आधीच घेतलेले होते. २० जूनला प्लॅन बदलला तेव्हा त्यातले १५ दिवस शिल्लक होते. त्या १५ दिवसांचे २२५ परत दिले, ती उणे ओळ. त्याच १५ दिवसांना नवीन प्लॅनचं अर्धं भाडं लागलं, ते ३००. मग पुढच्या पूर्ण चक्राचे आगाऊ ६००. नवीन प्लॅन दोनदा दिसतो, पण दोन्ही ओळींच्या तारखा एकमेकींवर चढत नाहीत, त्यामुळे एकाच दिवसाचे पैसे दोनदा गेलेले नाहीत. मध्येच बदलल्याचा खरा जादा खर्च ३०० वजा २२५, म्हणजे ७५ रुपये. बाबांच्या वहीत तेवढाच लिही.

आता कर तपास, कारण चूक झाली तर इथे ती पटकन लक्षात येत नाही. जीएसटी उणे ओळ वजा करून उरलेल्या रकमेवर लागायला हवा. २२५ वजा करून बेरीज ८२५ येते, तिचे १८ टक्के १४८.५०. तुझे दोन ७४.२५ मिळून तेवढेच होतात, म्हणजे कर बरोबर आहे. उणे ओळ सोडून १०५० वर लावला असता तर १८९ झाले असते. त्या २२५ वरचा कर जूनच्या बिलात भरून झालाय, तो परत मिळायलाच हवा.

तू धरलेल्या ७०८ पेक्षा २६५.५० जास्त आलेत. प्लॅनचे ७५, सिमचे ५० आणि लेट फीचे १०० मिळून २२५, त्यावर १८ टक्के कर धरला की बरोबर २६५.५० होतात. एकरकमी आकारांवरही जीएसटी लागतो, लेट फीसुद्धा सुटत नाही. म्हणून १०० ची लेट फी प्रत्यक्षात ११८ ला पडते.

वैदेही_म्हापसा
खूप खूप आभार! बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच वहीत उतरवलं. पण लेट फी मला पटत नाही. मागचं बिल शेवटच्या तारखेला संध्याकाळी यूपीआयने भरलं होतं, पैसे लगेच कापले गेले. बिलावर जमा तारीख मात्र दोन दिवसांनंतरची आहे.

बिलखात्यातला_माणूस
मग वाद फक्त त्याच एका ओळीचा घाल. कस्टमर केअरला ‘बिल जास्त आलंय’ म्हणालीस तर ते प्लॅन समजावून फोन ठेवतील. ‘लेट फी १०० आणि त्यावरचा कर १८, एकूण ११८ ची तक्रार नोंदवा’ असं म्हण. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि वेळ सांग, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं, त्याला फी नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाकडे थेट पाठवून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाहीत.

नित्या_फोंडा
पण यूपीआयवर ‘सक्सेस’ आलं म्हणजे भरलंच ना? कंपनीला कधी पोचलं याच्याशी ग्राहकाचं काय?

बिलखात्यातला_माणूस
मलाही तसंच वाटतं. पण बऱ्याच कंपन्या त्यांच्या खात्यात जमा झालेली तारीख धरतात. मी काउंटरवर होतो तेव्हा पावती दाखवली की बहुतेकदा फी मागे घ्यायचो, पण ते समोरच्यावर अवलंबून असायचं. हक्काने मिळेलच असं सांगत नाही.

सुलभाताई_मडगाव
आमचे जहाजाचे पैसे तर दोन बिलांत तुटून आले होते. मुलगा घरी आल्यावरही पुढच्या बिलात रोमिंग दिसलं, तो म्हणाला मी फोन उघडलाही नाही!

बिलखात्यातला_माणूस
ताई, बाहेरच्या नेटवर्ककडून वापराची नोंद उशिरा येते, त्यामुळे ती पुढच्या बिलात पडू शकते. तपशीलवार बिल मागवा आणि वापराची तारीख बघा. तो जहाजावर होता त्या दिवसांतली असेल तर आकार लागू आहे, घरी आल्यानंतरची असेल तर तक्रार करा. आणि देशांचे पॅक जहाजावर बहुतेक चालत नाहीत, त्यासाठी वेगळा पॅक असतो. पुढच्या फेरीआधी विचारून घ्या.

केळशीचा_वाचक
मला एक शंका आहे. भाडं अर्ध्या महिन्याचं घेतलं तर डेटाही अर्धाच मिळतो का? माझा असाच मध्ये बदलल्यावर लवकर संपला होता.

बिलखात्यातला_माणूस
बऱ्याचदा हो. महिन्याला ५० जीबीचा प्लॅन असेल तर १५ दिवसांना २५ जीबी. पण सगळ्या कंपन्या तसं करत नाहीत, म्हणून बदलाच्या दिवशीच अ‍ॅपवर शिल्लक कोटा किती दाखवतो ते बघून ठेवावं. बदल पुढच्या चक्रापासून लागू करायचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्या, मग तुकड्यांचा हिशोबच करावा लागत नाही.

वैदेही_म्हापसा
तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर एसएमएसने आला. एक राहिलंच. तक्रार चालू असताना ११८ वगळून ८५५.५० भरले तर चालेल का? की परत लेट फी लावतील?

नित्या_फोंडा
वगळूनच भर, आपला पैसा का अडकवायचा?

बिलखात्यातला_माणूस
मी असतो तर पूर्ण भरले असते. वादातली रक्कम थकबाकीत धरणार नाही असं त्यांनी लेखी दिलं तरच वगळ, तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी भर, म्हणजे जमा तारखेचा प्रश्न पुन्हा यायला नको. फी मागे घेतली तर पुढच्या बिलात दोन गोष्टी बघ: उणे १०० ची ओळ आहे का, आणि कर त्या १०० वजा करून लावलाय का.