फ्रेंडशिप डेची ग्रुप ऑफर: फळ्यावर नेमकं काय लिहू? (विश्रामबाग, सांगली)

वाफाळता_कप (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत माझं छोटं कॅफे आहे. २६ खुर्च्या, मी, बायको आणि हाताखाली एक पोरगा. गिऱ्हाईक जवळपास सगळं कॉलेजचं. २ ऑगस्टला फ्रेंडशिप डे. गेल्या वर्षी फळ्यावर "ग्रुपने या, २०% सूट" लिहिलं आणि अख्खा दिवस वाद मिटवण्यात गेला. दोघं आले, म्हणे आम्ही पण ग्रुपच. मग अकरा जण आले, पाच कोल्ड कॉफी आणि अकरा ग्लास पाणी, सव्वादोन तास मुक्काम.

यंदा शब्द नीट बांधायचेत. मेहुणा डिझाइन फुकट करून देतो. बाकी खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आत. डोक्यात हे आहे: "चांडाळ चौकडी ऑफर! चार जण या, पाचव्याची कोल्ड कॉफी आमच्याकडून!"

दर असे: कोल्ड कॉफी ८०, मसाला मॅगी ६०, चीज टोस्ट ७०, फ्राइज ९०. सुचवा.

डेक्कन_कट्टा
हल्ली मजकूर कोण वाचतं? पुण्यात आमच्या ओळखीच्याने दोन रील करणाऱ्या पोरी बोलावल्या, दारात फुलांची कमान, निऑनची पाटी, सगळं मिळून पस्तीस हजारांत झालं. रांग लागली होती रांग. तू पण तेच कर.

वाफाळता_कप
दादा, दोन हजार. वर लिहिलंय.

डेक्कन_कट्टा
मग कमान तरी कर.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
कमान राहू दे. आधी तुझंच वाक्य बघ. "चार जण या, पाचव्याची कोल्ड कॉफी आमच्याकडून." याचे दोन अर्थ निघतात. पाच जण आले तर त्यातल्या एकाची फुकट, हा तुझा अर्थ. पण चौघं आले की पाचवा ग्लास टेबलावर यायलाच हवा, हा पोरांचा अर्थ. ते चौघंच येणार आणि पाचवी कॉफी वाटून पिणार. भांडलास तर फळा दाखवतील, आणि फळा त्यांच्या बाजूने बोलेल.

दुसरं, कॅलेंडर उघड. फ्रेंडशिप डे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असतो. रविवारी कॉलेज बंद. आष्टा, तासगाव, इस्लामपूरहून एसटीने येणारी पोरं त्या दिवशी घरी असतात. तुझा कंपू येणार शनिवारी, १ तारखेला, तास बुडवून. रविवारी येतील ती होस्टेलची आणि गावातली, म्हणजे जमाव वेगळा. नुसत्या रविवारी ऑफर ठेवलीस तर अर्धं गिऱ्हाईक आदल्याच दिवशी पूर्ण दराने कॉफी पिऊन जाईल, किंवा दुसरीकडे जाईल. दोन्ही तारखा लिही. आणि "या रविवारी" असं कधीच लिहू नकोस, आकड्यात तारीख घाल. फोटो पुढे पुढे जात राहतो आणि पुढच्या रविवारी कुणीतरी तो दाखवत दारात उभं राहतं.

वाफाळता_कप
काका, रविवारचं लक्षातच आलं नव्हतं. गेल्या वर्षी शनिवारी गर्दी का होती ते आत्ता कळलं.

तुळशीवृंदावन
ऑगस्ट म्हणजे श्रावण. कॅफेत अंड्याचं, चिकनचं काही असेल तर पोस्टरवर नको. उपवासाची कॉफी पण ठेवा.

मिरजेचा_तंतुवाद्या
ताई, यंदा अधिक ज्येष्ठ आला होता, सगळं पुढे सरकलंय. श्रावण १३ ऑगस्टला लागतो. २ तारखेला आषाढच आहे, उलट पोरं गटारीच्या आधी खाऊन घेतील. आणि कोल्ड कॉफी उपवासाला चालतेच की.

तुळशीवृंदावन
आमच्याकडे चालत नाही.

हिशोबी_नजर
भावना बाजूला ठेवा, गणित करा. पाचातली एक फुकट म्हणजे सरळ वीस टक्के गेले. गेल्या वर्षी पण वीसच टक्के होते. मग बदललं काय? त्यापेक्षा दहा टक्के दे आणि मोकळा हो.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
अर्धं बरोबर. पाचही जणांनी नुसती कोल्ड कॉफी घेतली तर बिल ४०० आणि सूट ८०, म्हणजे वीस टक्के. पण त्याच पाचांनी कॉफी आणि मॅगी घेतली तर बिल ७०० आणि सूट तेवढीच ८०, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आत. शिवाय ऐंशी हा तुझा विक्रीचा दर झाला. दूध, आइस्क्रीम, कॉफी, साखर धरून तुला ग्लास कितीला पडतो?

वाफाळता_कप
तीस-बत्तीसला. गॅस आणि वीज वेगळी.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
म्हणजे टेबल एरवी रिकामं राहणार असेल तेव्हा तुझ्या खिशातून बत्तीस जातात, ऐंशी नाही. टेबल एरवीही भरणार असेल तेव्हा मात्र पुरते ऐंशी जातात, वर तासभर खुर्ची अडते ती वेगळी. म्हणून ऑफर किती टक्क्यांची यापेक्षा किती वाजताची, हे महत्त्वाचं. तुझं रिकामं कधी असतं?

वाफाळता_कप
साधारण १२ ते ४. पाचनंतर एरवीही उभं राहायला जागा नसते.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
मग संध्याकाळी सूट कशाला? मजकुरात "दुपारी १२ ते ४" ठळक हवं, ऑफरच्या नावाएवढंच ठळक. खाली बारीक अक्षरात "अटी लागू" लिहून भागत नाही. चांदणीची खूण पाहिली की पोरांना वाटतं, फसवतोय.

होस्टेल_रूम_१४
मी त्याच गिऱ्हाइकातली, म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टरचा फोटो टाकतं आणि पहिला प्रश्न येतो: "प्रत्येकी किती?" "पाचव्याची फुकट" वाचलं की कुणीच हिशोब करत बसत नाही. शिवाय फुकट कुणाची, यावरून आमच्यातच रुसवेफुगवे. शेवटी एकजण सगळे पैसे भरते आणि मग चार दिवस बाकीच्यांच्या मागे लागते. "माणशी ९९" असं असतं तर तिथल्या तिथे सगळ्यांनी ९९ पाठवले असते, विषय संपला.

अजून एक. गेल्या वर्षी आमच्या इथे एका ठिकाणी पाटी होती, "या भावांनो, दोस्तीचा दिवस". आम्ही सात मुली होतो. आत बघितलं तर सगळी पोरंच. पुढच्या दुकानात गेलो.

कवठेमहांकाळ_एक्सप्रेस
भावांनो म्हटलं म्हणून काय झालं, आम्ही बहिणीला पण भावा म्हणतो. लई विचार करताय.

होस्टेल_रूम_१४
बोलताना म्हणता. पाटीवर वाचताना तसं वाटत नाही.

भिंतीवरचा_मार्कर
मजकूर काहीही असू दे, "फ्रेंडशिप बँड फ्री, मार्कर फ्री" असलं काही लिहू नको. आम्ही लिहिलं होतं. पोरं हातावर लिहितात, शर्टवर लिहितात, तिथवर ठीक. नंतर टेबल, खुर्च्या, संडासाचं दार, आणि नव्या ऑइलपेंटच्या भिंतीवर बदाम. प्लास्टिकच्या खुर्च्या सॅनिटायझरने पुसून निघाल्या. भिंतीचा रंगच उडाला. बँडचे पैसे गेलेच, वर रंगारी.

डेक्कन_कट्टा
भिंत लिहायलाच दिली असती तर तिथे फोटो काढले असते लोकांनी. दृष्टी लागते.

भिंतीवरचा_मार्कर
भिंत घरमालकाची होती.

चौकातला_फ्लेक्स
विश्रामबाग चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लाव. सगळ्या पोरांचे फोटो टाक, आपोआप येतात.

मिरजेचा_तंतुवाद्या
महापालिकेची परवानगी नसेल तर काढून नेतात आणि दंड वेगळा. दोन हजार तिथेच संपतील.

हिशोबी_नजर
माणशी ९९ आवडलं. पण त्यावर ५% जीएसटी लाव, म्हणजे १०३.९५. तेवढाच कर भरून निघतो.

वाफाळता_कप
मी कंपोझिशनमध्ये आहे.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
मग बिलात वेगळा कर दाखवून घेताच येत नाही, तो तुझ्या खिशातून. आणि नसतास कंपोझिशनमध्ये तरी पाटीवर ९९ आणि बिलात १०४ दिसलं असतं तर पाच रुपयांसाठी सहा जण वाद घालत बसले असते. "वर काही नाही" एवढे तीन शब्द लिही.

मुलीचं म्हणणं मला पटलं. माझा मजकूर असा:

"फ्रेंडशिप डे, १ आणि २ ऑगस्ट, दुपारी १२ ते ४. चौघं किंवा त्याहून जास्त. माणशी ९९, वर काही नाही. प्रत्येकाला एक कोल्ड कॉफी आणि मॅगी किंवा चीज टोस्ट. सगळे आले की ऑर्डर घेऊ. बिल एकच."

एरवी हेच १४० किंवा १५० ला पडतं, तो आकडा शेजारी खोडून दाखव. पाच आले, सात आले, अकरा आले, शब्द बदलावे लागत नाहीत. आणि ऑर्डर माणशी असल्यामुळे तुझे ते अकरा ग्लास पाणीवाले आपोआप गळतात. "सगळे आले की ऑर्डर" हे हवंच. नाहीतर दोघं येऊन सहा खुर्च्या धरतात आणि अर्धा तास "बाकीचे येतायत" चालू राहतं. कच्चा माल कॉफी-मॅगी मिळून पन्नास-पंचावन्नच्या वर जात असेल तर मात्र ९९ नको, १०९ कर.

कवठेमहांकाळ_एक्सप्रेस
काका, हे वाचून वाटतं तलाठी कार्यालयात आलोय. जरा मजा पाहिजे की. "चांडाळ चौकडी" भारी होतं.

होस्टेल_रूम_१४
नाव मलाही आवडलंय. फक्त चौकडी म्हटलं की पाचवी म्हणते, मग मी कोण?

डेक्कन_कट्टा
मी मघाशी तारखेचं सांगणारच होतो. तारीख टाक.

वाफाळता_कप
सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोबरोबर बसून हिशोब केला. माणशी ९९ मध्ये आम्हाला मॅगीच्या दोन शेगड्यांवर एकदम वीस प्लेट काढता येणार नाहीत, हे तिने बरोबर पकडलं. कोल्ड कॉफीचं मिश्रण सकाळी करून ठेवता येतं, मॅगी नाही. म्हणून फुकट कॉफीच ठेवतोय. नावही ठेवतोय, कारण ते मला सुचलंय. मेहुण्याला पाठवलेला मजकूर हा:

"चांडाळ चौकडी + १! पाच जण आलात तर पाचव्याची कोल्ड कॉफी आमच्याकडून. चौघांनी प्रत्येकी काहीतरी खायचं घ्या. १ आणि २ ऑगस्ट, दुपारी १२ ते ४. पाचही जण आले की ऑर्डर. एक टेबल, एक बिल."

छपाई नाही. दारातला फळा, आणि तोच फोटो स्टेटसला.

होस्टेल_रूम_१४
प्रत्येकी किती ते नाहीच!

हिशोबी_नजर
दहा जण आले तर दोन फुकट ना?

वाफाळता_कप
हो, दोन.

कवठेमहांकाळ_एक्सप्रेस
आणि नऊ आले तर?

वाफाळता_कप
एकच. दहावा शोधून आणा.

गल्ल्यावरची_तीस_वर्षं
ते फळ्यावर लिही. इथे नको.