टर्नअराउंड शीटला मराठीत काय म्हणावं?

मुक्तछंद
मुलांसाठी चित्रं काढणाऱ्यांच्या कार्यशाळेचं टिपण मराठीत करते आहे. साधे आकार आणि मोजके रंग वापरून लक्षात राहील असं पात्र कसं घडवायचं, हा विषय. 'सिल्हूट'ला 'छायाकृती' लिहिलं, ते चालून गेलं. अडले आहे ती 'टर्नअराउंड शीट'पाशी. एकच पात्र समोरून, पाऊण बाजूने, कडेने आणि पाठीमागून, एका ओळीत, सारख्या उंचीचं काढलेलं असतं तो कागद. मी 'परिभ्रमण पत्रक' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, हे उपग्रहाबद्दल वाटतंय. तुमच्याकडे काय म्हणतात?

ऱ्हस्वदीर्घ
'सर्वांगदर्शन'. अर्थ चोख बसतो. स्वतःचा शब्द असताना टर्नअराउंड-बिर्नअराउंड कशाला हवं?

सातारी कंदी
टर्नअराउंड म्हणजे कायापालट ना? आमचा कारखाना तोट्यात होता तेव्हा वरून आलेल्या कागदावर हाच शब्द होता. 'कायापालट आराखडा' लिहा.

कुंचला
कंदीदादा, तो टर्नअराउंड वेगळा. इथे पात्र जागच्या जागी वळतं.
मुक्ताताई, आमच्या स्टुडिओत नुसतं 'टर्न' म्हणतात. 'खारीचा टर्न झाला का?' असं. पण 'सर्वांगदर्शन' मला पटत नाही. त्यात देवळातल्या मूर्तीसमोर उभं राहिल्याचा भाव आहे. हा कागद दर्शनासाठी नसतो, समोरच्या चित्रातली लबाडी पकडण्यासाठी असतो.
त्या खारीचंच सांगतो. अंग नासपतीच्या आकाराचं, डोकं गोल, शेपूट म्हणजे उलटा स्वल्पविराम. ओळख म्हणून पाठीवर तीन फिकट पट्टे. काळ्या रंगाने भरून बघितली तरी खार कळत होती, म्हणून सगळे खूश. टर्न काढायला घेतला आणि लक्षात आलं की समोरून पट्टे दिसतच नाहीत! गोष्टीत पात्र बहुतेक वेळ आपल्याकडे तोंड करून असतं, म्हणजे जी ओळख ठरवली ती दहातल्या आठ चित्रांत गायब. शेवटी पट्टे डोक्यावरून पुढे ओढून कपाळापर्यंत आणले. खऱ्या खारीला तिथे नसतात, पण पात्राला लागतात.

पेणची माती
आमच्याकडे मामांचा गणपतीचा कारखाना. तिथे कागद नसतोच. मातीचा नमुना पाटावर ठेवून फिरवत फिरवत करतात, मग साचा. डोळ्यांच्या कामाला 'आखणी' म्हणतात, तो शब्द चालेल का? पाठीमागे मात्र मामा फार जीव घालत नाहीत, मखरात पाठ कोण बघतो.

अर्धविराम
आकारांचं सोपं आहे. गोल म्हणजे गोड, चौकोन म्हणजे भरवशाचा, त्रिकोण म्हणजे खलनायक. आणि मिकी माऊसचे कान कुठूनही बघा, गोलच दिसतात. मग त्याला टर्न कशाला हवा?

कुंचला
अर्धविराम, पहिलं अर्धं बरोबर. गोलाने मऊपणा येतो, टोकाने धार येते, हे खरं. पण आकार एकटा बोलत नाही, शेजाऱ्याशी तुलनेत बोलतो. आमच्या गोष्टीत खार, उंदीर आणि मुंगूस होते. तिघंही गोल काढले तेव्हा काळ्या छायेत खार कुठली आणि उंदीर कुठला ते कळेना. मग मुंगूस लांबट, उंदीर जवळजवळ चौकोनी आणि खार नासपतीसारखी केली. त्रिकोण मुंगसाच्या तोंडाला दिला, आणि तो गोष्टीतला सगळ्यात भला माणूस आहे.
मिकीच्या कानांचं उदाहरण माझ्याच बाजूचं. ते गोल राहतात कारण ती ठरवून केलेली फसवणूक आहे. कान खरोखर डोक्याला चिकटवलेल्या तबकड्या असते तर कडेने चपटे दिसले असते. डोकं वळतं तसे ते कान कागदावर सरकवावे लागतात. पात्रात असा नियम असेल तर दुसऱ्या चित्रकाराला तो टर्नवरूनच कळतो. नाही तर तो बिचारा कान चपटे काढणार.

मुक्तछंद
उंची सारखी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? टिपणात एकच ओळ आहे.

कुंचला
आधी समोरचं आणि कडेचं चित्र. कानाचं टोक, डोळे, हनुवटी, पोटाचा सगळ्यात फुगीर भाग, तळपाय, इथून आडव्या रेघा पूर्ण कागदभर ओढायच्या. शेपूट जिथे फुटतं तिथेही एक. मागचं चित्र या रेघांवर बसवायचं. पाऊण बाजू सर्वांत शेवटी, कारण तीच घसरते: डोकं वळवताना हात नकळत ते मोठं करतो आणि हनुवटी रेघेखाली जाते. चित्रं अर्धपारदर्शक करून एकमेकांवर ठेवली की लगेच दिसतं.
दुसरी चूक नेहमीची. खारीच्या डाव्या खांद्यावर लाल पिशवी होती. एका मुलाने समोरच्या चित्राची बाह्यरेषा तशीच उचलून आत पाठ भरली. समोरून डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो, पाठीमागून डाव्या हाताला. त्याच्या कागदावर पिशवी मागून उजव्या खांद्यावर गेली. त्रिमितीय मॉडेल करणाऱ्याने विचारलं, पिशव्या दोन आहेत का?

गोदाकाठ
'पाऊण बाजू' हा शब्द फार आवडला. आमचे चित्रकलेचे सर 'थ्री-फोर्थ'च म्हणायचे. लघुचित्रांवरच्या लिखाणात चेहऱ्यांना 'एकचश्म', 'दीडचश्म' म्हणतात. जेवढे डोळे दिसतात तेवढे चश्म.

ऱ्हस्वदीर्घ
चश्म फारसी आहे. इंग्रजी काढून फारसी आणायचं, यात काय साधलं?

गोदाकाठ
मग नाकावरच्या चष्म्याचं काय करणार? तो त्याच घरातला. बोलणाऱ्याच्या तोंडी बसला की शब्द आपला.

ऱ्हस्वदीर्घ
चष्मा शेकडो वर्षांत रुळला. आज नवा शब्द घडवायचा तर निवड आपल्या हातात आहे, एवढंच म्हणणं.

मुक्तछंद
रंगांचंही विचारते. 'लिमिटेड पॅलेट'ला 'मर्यादित रंगसंगती' बरोबर वाटतं का?

पेणची माती
रंगसंगती म्हणजे रंग एकमेकांना शोभणं. पॅलेट म्हणजे जवळ आहेत तेच रंग. मामा म्हणतात, 'यंदा चारच डबे उघडायचे.'

कुंचला
मामांचं बरोबर. खारीला आम्ही तीन रंग ठेवले: अंगाला बदामी, पट्ट्यांना साय, पिशवीला लाल. रंगीत पडद्यावर झकास. करडं करून बघितलं तर लाल आणि बदामी एकाच उजेडाचे निघाले, पिशवी अंगात विरघळली. लाल बदलायला नको होतं, तिची तीच खूण. म्हणून बदामी बराच फिका केला. मग साय दिसेनाशी झाली, तेव्हा पट्ट्यांना गडद कड दिली. अमूलच्या मुलीकडे बघा, निळे केस आणि लाल ठिपक्यांचा पांढरा फ्रॉक. करड्यातही केस आणि फ्रॉक वेगळेच राहतात.

अर्धविराम
कड दिली म्हणजे चौथा रंग झाला की!

कुंचला
डोळ्यांचाच काळसर तपकिरी वापरला. तो मोजायचा की नाही यावर आमच्यातही एकमत नाही.

मुक्तछंद
तूर्तास 'चौफेर तक्ता' लिहिते आहे. 'पाऊण बाजू' ठेवली. रंगांसाठी 'मोजके रंग'.

ऱ्हस्वदीर्घ
चौफेर म्हणजे चारी बाजूंनी. तुमच्या कागदावर पाऊण बाजू आहे, ती त्या चारांत बसत नाही. आणि वरून कुठे आहे? 'सर्वांग' म्हटलं की वरूनही आलं.

कुंचला
वरूनचं चित्र पुष्कळदा काढतच नाहीत. पण खारीला लागलं. शेपूट किती जाड आणि ते अंगाच्या मधोमध आहे की एका कुशीला झुकलेलं, हे मॉडेल करणाऱ्याला बाकी कुठल्याच चित्रातून नीट कळेना. ते चित्र त्याच कागदावर घ्यायचं की वेगळ्या, हे अजून ठरायचंय.